मदत हवी आहे: पेडल मारताना दर फेऱ्याला 'टक्' – पेडल, बीबी की चेनरिंगचे बोल्ट?

गोदाकाठी

नमस्कार मंडळी. माझी गिअरची हायब्रिड सायकल आहे. पुढे ४८-३८-२८ दातांच्या तीन चेनरिंग, मागे आठ गिअर (११ ते ३२). क्रँक चौकोनी एक्सलवर बसणारी आणि बीबी, म्हणजे त्या एक्सलचं बेअरिंग, सीलबंद, छर्रे सुटे नाहीत. पावसाळाभर गंगापूर रोडने सोमेश्वर आणि पुढे धरणाकडे फिरलो, त्यामुळे चिखल-पाणी भरपूर खाल्लंय तिनं.

आता पाऊस ओसरला आणि क्रँकच्या आसपास 'टक्' सुरू झालं. पेडलच्या एका फेऱ्यात एकदाच, उजवा पाय खाली जाताना. जोर लावला की येतं. हलक्या गिअरमध्ये सपाटीवर येत नाही आणि मागचं चाक उचलून हाताने पेडल फिरवलं तर अजिबात नाही. एका दुकानात दाखवली. त्यांनी चालवून न बघताच "बीबी गेली" म्हणून सांगितलं. पण दोन्ही क्रँक धरून आडव्या हलवल्या तर खेळ जाणवत नाही. घरी १५चा पाना आणि ॲलन कीचा संच आहे, क्रँक पुलर नाही. पैसे घालायच्या आधी आवाज नेमका कुठला ते कसं शोधू?

वेगेवेगे

बीबीच आहे. चेनची एखादी कडी कडक झाली असती तर आवाज दोन-तीन फेऱ्यांनी एकदा आला असता, कारण चेन चेनरिंगपेक्षा बरीच लांब असते. मागच्या चाकाचा असता तर पेडल थांबवल्यावरही आला असता. दर फेऱ्याला म्हणजे बीबी. नाशिकच्या पावसात सील टिकत नाहीत, बदलून टाका आणि मोकळे व्हा.

पंचवटीकर_आबा

आमच्या काळ्या सायकलला असंच व्हायचं. कॉटर पिन झिजली की दर फेऱ्याला खट्ट. पिन काढून नवी ठोकायची, नट आवळायचा, संपलं. रविवार कारंज्याला अजून मिळतात. तुमच्याही पिना बघा.

मधलीसुट्टी

बुटाची नाडी बघा. हसू नका, नाडीचं टोक क्रँकवर आपटून आलेल्या आवाजापायी मी अख्खा रविवार घालवलाय. पुढच्या डिरेलरच्या केबलचं टोक बाहेर आलं असेल तर तेही क्रँकला दर फेऱ्याला टेकतं.

जुनापाना

आबा, यांच्या क्रँकला कॉटर पिन नाही, बोल्टने चौकोनावर दाबून बसवलेली आहे. पण तुमचा मुद्दा त्याच जातीचा आहे, क्रँक एक्सलवर हलली की ती बोलते.

वेगेवेगे, चेन आणि चाक वगळलंत ते बरोबर. त्यापुढे मात्र घाई झाली. फेऱ्यागणिक फिरणाऱ्या गोष्टींत पेडल आहे, पेडलचे आटे आहेत, क्रँकचा बोल्ट आहे, चेनरिंगचे बोल्ट आहेत आणि मग बीबी. फ्रेम पोकळ नळ्यांची असल्यामुळे आवाज कुठूनही निघो, बीबीतूनच आल्यासारखा वाटतो. कान फसतो, म्हणून एकेक गोष्ट बदलून बघायची.

गोदाकाठी, नाडी आणि केबल आधी बघून घ्या, फुकटचं काम आहे. पण तुमचा आवाज जोरावर अवलंबून आहे, त्यामुळे मला ते वाटत नाही. मग पेडल. काढताना लक्षात ठेवा, डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. पाना वरच्या बाजूला धरून मागच्या चाकाच्या दिशेने ढकलला की दोन्ही पेडल सुटतात, पुढे ओढला की आवळतात. आटे फडक्याने पुसा, क्रँकच्या भोकातली वाळू काढा, ग्रीस लावा आणि पहिले तीन-चार वेढे बोटांनीच फिरवा. बोटाने जात नसेल तर पाना लावू नका. क्रँक ॲल्युमिनियमची आणि पेडलची दांडी लोखंडी, तिरकं बसलं तर क्रँकचे आटे जातील. कोरडे, धुळीने भरलेले आटे जोर पडला की बरोबर तुम्ही सांगताय तसं टक् करतात. तरी आवाज राहिला तर मित्राच्या मोठ्या सायकलची पेडल थोडा वेळ लावून बघा, आटे बहुतेक एकाच मापाचे असतात.

क्रँकच्या बोल्टवरची प्लास्टिकची टोपी काढा. आत ८ मिमी ॲलन किंवा १४ मिमीचा बोल्ट असेल. वीस सेंटिमीटरच्या हँडलच्या टोकाला साधारण वीस किलोचा जोर म्हणजे ४० न्यूटन-मीटरच्या आसपास, तेवढं पुरे. तेवढ्या जोराला बोल्ट हलला नाही तर तिथेच थांबा. दर आठवड्याला आवळत बसलात तर क्रँक चौकोनावर आणखी आत सरकत जाते आणि एक दिवस तडकते.

बीबीसाठी चेन चेनरिंगवरून खाली काढून ठेवा, एक हात सीटच्या नळीवर ठेवा आणि क्रँक सावकाश फिरवा. बेअरिंग गेलं असेल तर हाताला खरखर लागते. हे सगळं करून सांगा, मग पुढचं बोलू.

गोदाकाठी

जुनापाना, मनापासून आभार. नाडी आत खोचून चालवली, फरक नाही. केबलचं टोक क्रँकपासून लांब आहे. पेडल काढून आटे साफ करून ग्रीस लावलं. उजव्या आट्यांत बारीक चिखल होता, पण आवाज तसाच. शेजाऱ्याची पेडल लावली, तरी तसाच. क्रँकचे दोन्ही बोल्ट आवळलेले होते, हलले नाहीत. चेन काढून फिरवलं तर बीबी लोण्यासारखी मऊ फिरते, खरखर नाही.

एक विचित्र गोष्ट दिसली. त्र्यंबक रोडच्या चढावर सगळ्यात छोट्या चेनरिंगवर आलो की आवाज बंद होतो. मधल्या आणि मोठ्यावर येतो.

वेगेवेगे

छोट्यावर पायाला जोर कमी लागतो म्हणून आवाज नाही. यातून काही सिद्ध होत नाही.

जुनापाना

शंका योग्य आहे, म्हणून जोर सारखा ठेवून बघायचं. मागे ११ ते ३२चे आठ गिअर असतील तर बहुधा त्यात २४ आणि १८ दातांचे आहेत. पुढे मधलं ३८ आणि मागे २४, म्हणजे हँडलवरचा ३ नंबर. मग पुढे छोटं २८ आणि मागे १८, म्हणजे ५ नंबर. दोन्हींचं गुणोत्तर १.५७च्या जवळ येतं, पायाला जवळपास तेवढाच जोर. त्याच चढावर, त्याच वेगाने, बसूनच दोन्ही चालवा.

ह्या क्रँकमध्ये साधारणपणे मोठं आणि मधलं चेनरिंग एकाच चार बोल्टांत अडकवलेलं असतं, छोट्याचे बोल्ट वेगळे, मागच्या बाजूने. म्हणून सारख्या जोरातही छोट्यावर आवाज नसेल तर पेडल, क्रँक आणि बीबी तिघांवरचा संशय बराच कमी होतो, कारण ते तर छोट्यावरही तेवढाच भार घेतायत. उरतात ते चार बोल्ट. आधी एक बघा, बोल्टाच्या डोक्याला ५ मिमी ॲलनचं भोक आहे की ठोकलेले रिव्हेट आहेत? रिव्हेट असतील तर घरी काही करता येत नाही.

गोदाकाठी

बोल्टच आहेत. तुम्ही सांगितलं तसं चालवलं. ३८ वर ३ नंबरला टक् टक्, २८ वर ५ नंबरला शांत. पुन्हा उलटसुलट करून पाहिलं, तेच.

जुनापाना

मग आता बोल्ट. चारही सुट्टे करा, पण एका वेळी एकच. मागची नटी पुढच्या बोल्टबरोबर फिरते, तिला खाच असते, रुंद स्क्रू ड्रायव्हर अडकवून धरा. बोल्ट, नटी, चेनरिंगची भोकं आणि चेनरिंग जिथे क्रँकच्या फाट्यांना टेकतं ती जागा, सगळं रॉकेलने पुसा. कोरडं झाल्यावर आट्यांना आणि टेकणाऱ्या जागांना पातळ ग्रीस. परत चारही हलके बसवून समोरासमोरचे आवळत जा, शेवटी ८ ते १० न्यूटन-मीटर. मनगटाचा जोर पुरे, अंगाचा नको, नाहीतर बारीक ॲल्युमिनियमचा बोल्ट तुटतो. चेनरिंग पूर्ण काढावंच लागलं तर मोठ्यावरची बारीक पिन उजव्या क्रँकच्या मागे आली पाहिजे, चेन सुटली तर तिथे अडकू नये म्हणून ती असते.

सिडकोचा_सायकली

चौकोनी एक्सलवर क्रँक बसवताना पण ग्रीस लावायचं का? मला एका मिस्त्रीने लावायचं म्हटलं, दुसरा म्हणतो कोरडंच.

जुनापाना

ह्यावर मेकॅनिक लोक भांडत आलेत. मी पातळ थर लावतो, आवाज कमी होतो असा माझा अनुभव.

वेगेवेगे

मी कोरडं ठेवतो. ग्रीस लावलं की क्रँक गरजेपेक्षा आत जाते.

गोदाकाठी

काल संध्याकाळी उघडलं. तीन बोल्ट घट्ट होते, चौथा ॲलन की लावताच सहज फिरला आणि त्याच्या नटीखाली तांबूस पूड होती. सगळं साफ करून ग्रीस लावून बसवलं. आज अंजनेरीपर्यंत जाऊन आलो. मोठ्या आणि मधल्या दोन्हींवर ते जुनं टक् गेलंय.

पण आता एक वेगळा, बारीक 'करकर' येतो, फक्त बसून चढ चढताना. आधी त्या टक्मुळे कळत नसेल कदाचित. बीबीच म्हणायची का आता?

वेगेवेगे

मी म्हटलं होतं.

जुनापाना

थांबा जरा. उभं राहून त्याच चढावर पेडल मारा. उभं राहिल्यावर गेला तर आधी सीटपोस्ट काढून पुसून ग्रीस लावून बघा, सीटच्या दांड्यांचा क्लॅम्पही आवळा. फ्रेम किंवा पोस्ट कार्बनची असेल तर मात्र ग्रीस नको. उभं राहूनही राहिला तर क्रँक पुलर लागेल, मुंबई नाक्याच्या बाजूला असाल तर माझा घेऊन जा. आणि तो चौथा बोल्ट पुढच्या शंभर किलोमीटरनंतर एकदा तपासा, पुन्हा सैल निघाला तर नटी-बोल्टची जोडी बदलावी लागेल.