अनुभव धागा: वळीव, उतरता वायुदाब आणि अर्धशिशी

ठणका
मे महिन्यात दुपारी ढग जमू लागण्याच्या कितीतरी आधी माझे उजवे कपाळ ठणकू लागते आणि संध्याकाळी बहुतेक वेळा वळीव कोसळतो. हवेचा दाब उतरल्याने असे होते, असे सगळेच सांगतात. आपल्यापैकी ज्यांना असा अनुभव येतो त्यांनी तो शक्यतो ठिकाण आणि वेळ यांसह लिहावा. उपचार सुचवू नयेत, ही विनंती.

श्रीवर्धनकर
३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर धडकले. माझे डोके मात्र आदल्या रात्रीपासूनच फुटत होते. आकाश नुसते भरून आले होते, वारा तसा बेताचाच होता, तरीही माझ्या शरीराला वादळ आधी समजले, याबद्दल मला शंका नाही.

कोथरूडचा वारा
माझ्या फोनमध्ये दाबमापक आहे. काल डोके दुखत असताना पाहिले तर आकडा ९४५ मिलिबार होता आणि सर्वसाधारण दाब तर १०१३ असतो. एवढ्या कमी दाबात डोके न दुखले तरच नवल!

निवृत्त निरीक्षक
कोथरूडकर, आपल्या फोनने चूक केलेली नाही. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्याने तेथील प्रत्यक्ष दाब वर्षभर ९५०च्या आगेमागेच राहतो. बातम्यांतले आकडे समुद्रसपाटीला आणून दिलेले असतात, त्यामुळे पाहायचा तो आकडा नव्हे, तर काही तासांत त्यात झालेला बदल.

आता तो बदल किती असतो ते पाहू. आपल्याकडे आकाश निरभ्र असले तरी दाब रोज सकाळी दहाच्या सुमारास सर्वाधिक असतो आणि दुपारी चारपर्यंत साधारण ३ ते ४ मिलिबारने उतरतो. वळवाआधीची घट बहुधा याच्या आतबाहेरचीच असते. शिवाय ढगातून थंड हवेचा लोट जमिनीवर आदळतो, धूळ उडते आणि मातीचा वास येतो, त्या क्षणी दाब उलट झटकन थोडा वर चढतो. जुन्या आलेखांवर ती उडी पेनाने कोरल्यासारखी स्पष्ट दिसत असे.

श्रीवर्धनकर, चक्रीवादळातील मोठी घट केंद्र जवळ येताना, शेवटच्या काही तासांत होते. आदल्या रात्री आपल्याकडे ती फारशी झालेली नसणार. उकाडा, दमटपणा, धास्ती आणि जागरण मात्र भरपूर होते.

श्रीवर्धनकर
जागरण होते हे खरे. रात्रभर आम्ही कौलांवर दोर आवळत होतो. तरीही मला आपले म्हणणे पूर्ण पटलेले नाही.

लोकलप्रवासी
कर्जतहून लोणावळ्याला गाडी तासाभरात चढते आणि तेवढ्यात दाब ६० मिलिबारच्या आसपास उतरत असावा. मला जुनी अर्धशिशी आहे, परंतु घाट चढताना कान दडे बसण्यापलीकडे काहीही होत नाही. सर्दीने नाक चोंदलेले असेल तर मात्र भुवयांच्या वर विलक्षण दाब जाणवतो. ते दुखणे वेगळे.

गोदाकाठ
माझ्या सासूबाईंचे गुडघे पाऊस येण्याच्या दोन दिवस आधी दुखतात. त्यांनी कोणते तेल लावावे?

ठणका
गोदाकाठ ताई, हा धागा डोकेदुखीचा आहे.
निरीक्षक काका, दाब रोजच उतरतो, तर माझे डोके रोज का दुखत नाही?

अर्धशिशीवाली डॉक्टर
तिथेच खरी गोम आहे. अर्धशिशीचा ठणका सुरू होण्याच्या काही तास, कधी एक दिवस आधी जांभया येतात, मान आखडते, उजेड आणि वास खुपू लागतात. त्या अवस्थेत उकाडा, ढगाआडून येणारा झगमगाट किंवा दुरून आलेला ओल्या मातीचा वास इतरांआधी जाणवणे स्वाभाविक आहे. म्हणजे हवामानामुळे डोके दुखले की दुखू लागलेल्या डोक्याने हवामान टिपले, हे सहज सांगता येत नाही.

दाबाचा संबंध अगदीच नाही, असेही मी म्हणणार नाही. जपानमधील उत्सुनोमिया येथील २८ रुग्णांच्या नोंदींत दाब ५ मिलिबारहून अधिक घसरला तेव्हा झटके वाढलेले दिसले होते, पण इतर पाहण्यांत असा संबंध सापडलेला नाही. काही मोजक्या लोकांना त्रास होत असावा, असे माझे मत. आमच्याकडे येणारे बहुतेक जण ढग आले आणि डोके दुखले ते दिवस लक्षात ठेवतात. ढग आले आणि काहीच झाले नाही, ते दिवस कोणी लिहून ठेवत नाही. म्हणून डोके दुखो वा न दुखो, झोप, जेवण आणि दुखणे रोज आधी लिहावे आणि दाबाचे आकडे महिनाअखेरीस पाहावेत. एक धोका मात्र सांगते: ढग दिसताच गोळी घेण्याची सवय लागून महिन्यातले दहा-पंधरा दिवस गोळ्या होऊ लागल्या, तर त्या गोळ्यांमुळेच डोकेदुखी कायमची मागे लागू शकते.

कोथरूडचा वारा
आकडे महिनाअखेरीस पाहण्याची अट कठीण आहे. फोन तर हातातच असतो.

ठणका
माझा फोन मुलाकडे देऊन ठेवते. जांभयांबद्दल मात्र अजून कोणी लिहिलेले नाही. मला त्या सकाळपासूनच येतात. आणखी कोणाला येतात का?