निबंधात 😂 आणि ‘यार’ : वही तपासताना तुम्ही नेमकं काय करता?

वहीतपासनीस

निबंध, गृहपाठ, प्रकल्पाच्या वह्या यांत इमोजी आणि चॅटची भाषा येते, हे आता सांगायची गरज राहिली नाही. मोबाइलने पिढी बिघडवली वगैरे इथे नको, त्यासाठी दुसरे धागे आहेत. अशी वही समोर आली की लाल पेनाने कुठे खूण करता, मुलांना काय विचारता, गुणांचं काय करता आणि कुठला उपाय फसतो, ते लिहा.

शाईपेन

इमोजी खोडायचा नाही, त्याच्याखाली रेघ मारून समासात एक प्रश्न लिहायचा. कारण इमोजी बहुतेक वेळा न लिहिलेल्या वाक्याच्या जागी बसलेला असतो. तो खोडला की वाक्य लंगडंच राहतं.

आठवीच्या पातळीचा एक नमुना घेऊ. विषय, सहलीतला एक प्रसंग.

> मग बस बंद पडली 😂😂. सर तर फुल टेन्शनमध्ये. आम्ही लोल हसत होतो. त्यात पाऊस पण आला यार 😭. शेवटी दुसरी बस आली आणि सगळे 🔥🔥.

‘इमोजीच्या जागी शब्द लिहा’ एवढंच सांगितलं, तर मूल असं लिहून आणतं: ‘बस बंद पडली, त्यामुळे आम्हाला खूप हसू आले. पाऊस आला, त्यामुळे मला रडू आले. दुसरी बस आली, त्यामुळे सर्वांना खूप आनंद झाला.’ चिन्हं गेली, पण परिच्छेद आधीपेक्षा वाईट झाला. शिवाय अर्थही चुकला. इथला 😭 रडण्याचा नाहीच, ‘आता हेच बाकी होतं’ असा वैतागाचा आहे. आजची मुलं हाच चेहरा हसून लोळण्यासाठीही वापरतात. आपण आपल्या वयाचा अर्थ लावून दुरुस्ती सुचवली की मुलाच्या मनातली गोष्ट बाजूलाच राहते.

म्हणून पहिल्या 😂 पाशी मी लिहिते, ‘हसू नेमकं कशाचं आलं?’ बस बंद पडण्यात तर हसण्यासारखं काही नाही. उत्तर सहसा तोंडी लगेच मिळतं: चालककाका बॉनेट उघडून बघत होते आणि सर त्यांच्या खांद्यावरून आत वाकून वाकून सूचना देत होते. हेच हवं होतं. 😭 पाशी प्रश्न, ‘पाऊस आल्यावर तुम्ही कुठे होतात?’ 🔥 पाशी, ‘सगळ्यांनी काय केलं?’ तीन प्रश्नांनंतर साधारण असं काहीतरी उभं राहतं:

> मध्येच बस बंद पडली. चालककाका बॉनेट उघडून पाहत होते आणि सर त्यांच्या खांद्यावरून वाकून सूचना देत होते. सरांना इंजिनातले काही कळत नाही, हे आम्हा सर्वांना ठाऊक होते. आम्ही हसू दाबत खाली उतरलो आणि नेमका तेव्हाच पाऊस आला. दुसरी बस दिसताच सगळे ओरडत धावले.

यात ‘हसू आले’, ‘आनंद झाला’ कुठेच नाही, तरी दोन्ही कळतं.

एका पानावर असे तीनच प्रश्न विचारायचे. सगळ्या जागा दाखवल्या तर मूल फक्त आपल्या खुणा भरून काढतं. तीन दाखवून ‘अशा अजून दोन जागा शोध’ म्हटलं की ते स्वतःचं लिखाण वाचायला लागतं.

दंडुका

एवढा वेळ कुणाला आहे हो? एका वर्गात साठ वह्या. दर इमोजीला अर्धा गुण कापा, दुसऱ्या निबंधापासून बंद होतं.

गुणपत्रक

बंद होतं हे खरं, पण काय बंद होतं तेही बघा. दहा गुणांच्या निबंधात नऊ इमोजी असतील तर साडेचार गुण गेले. शेजारच्या मुलाने एकही इमोजी न काढता मार्गदर्शकातला निबंध जसाच्या तसा उतरवला, त्याचं काहीच गेलं नाही. आणि 😂😂😂 हे एक धरायचं की तीन, यावर मुलं तुमच्याशी रीतसर वाद घालतील.

वेळेचा मुद्दा मात्र मान्य. म्हणून दहापैकी दोन गुण भाषेच्या नेमकेपणाला आधीच वेगळे काढून ठेवायचे. चिन्हं दोन असोत की वीस, नुकसान त्या दोन गुणांतच. पहिल्या खर्ड्यावर काही कापायचं नाही, नुसत्या खुणा. पक्क्या प्रतीत तेच दिसलं तर एक गुण, सगळीकडे दिसलं तर दोन. साठ वह्यांसाठी समासात अक्षरं पुरतात: ‘चि’ म्हणजे चिन्ह, ‘चॅ’ म्हणजे चॅटमधला शब्द, ‘?’ म्हणजे इथे काय घडलं ते लिही. अक्षरांचा अर्थ फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवला की दर वेळी समजावत बसावं लागत नाही.

चिंगीचीआई

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. मुलगी सहावीत आहे, ‘मि’, ‘आनि’, ‘नाहि’ असंच लिहिते. हे पण चॅटमुळेच ना? इमोजी काढत नाही, पण बाईंनी ‘चॅटची भाषा नको’ असा शेरा दिलाय. काय करू?

शाईपेन

चिंगीचीआई, हे वेगळं दुखणं आहे. ‘मि’ आणि ‘नाहि’ म्हणजे ऱ्हस्व-दीर्घाची चूक आणि ‘आनि’ म्हणजे न-ण ची. मोबाइल नव्हते तेव्हाही ती वह्यांत होतीच. रोमन अक्षरांत मराठी टाइप करायची सवय असेल तर ती जास्त टिकते, कारण तिथे दोन्ही ‘इ’ ना बहुधा एकच अक्षर वापरलं जातं आणि ‘न’-‘ण’ सुद्धा एकच. पण याला औषध श्रुतलेखनाचं आणि हाताने लिहिण्याचं. ‘चॅटची भाषा नको’ या शेऱ्याने तिला काय सुधारायचं तेच कळणार नाही. शब्दाच्या शेवटी ‘मी’, ‘नाही’ दीर्घ आणि ‘आणि’ हा अपवाद म्हणून ऱ्हस्व, एवढ्या तिनांपासून सुरुवात करा.

आणखी एक गल्लत होते. ‘केलं’, ‘झालं’, ‘असं’ हेही काही जण चॅटमध्ये जमा करतात. ती बोलण्यातली रूपं आहेत, संवादात चालतात. निबंधाच्या निवेदनात ‘केले’, ‘झाले’ मागा, पण त्याला ‘चॅ’ लावू नका.

तीनपाकिटं

इमोजीपेक्षा ‘यार’, ‘ब्रो’, ‘लोल’, ‘भारीच’ हे अवघड. शेजाऱ्याला परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवायला सांगितलं की इमोजीपाशी वाचणारा अडखळतो, कारण तो उच्चारता येत नाही. जिथे अडखळला तिथे पेन्सिलीने टिंब. पण ‘यार’ सुरळीत वाचला जातो, तो या चाळणीतून निसटतो.

त्यासाठी दहा मिनिटांचा एक पाठ करते. बातमी एकच: उद्याचा सामना पावसामुळे रद्द. ती तीन पाकिटांतून तीन जणांना कळवायची, प्रत्येकी दोन-तीन वाक्यांत: जवळच्या मित्राला, मुख्याध्यापकांना आणि ज्याला आपण ओळखत नाही अशा वाचकाला. मग तिन्ही शेजारी ठेवून काय काय बदललं त्याखाली रेघ. मुलांना हे फरक आधीच ठाऊक असतात. निबंध कुणासाठी लिहितोय ते मात्र ठरलेलं नसतं, म्हणून हाताला सवयीची भाषा लागते.

फसतं कुठे? मुख्याध्यापकांच्या पाकिटात. ‘उपरोक्त विषयान्वये आपणांस सविनय कळविण्यात येते की’ असं सुरू होतं आणि पुढचे सगळे निबंध त्याच सुरात येतात. म्हणून तिसरं पाकीट महत्त्वाचं. अनोळखी वाचकाला लिहिताना सलगी नाही आणि सरकारी कागदही नाही. निबंधाला तोच सूर हवा.

नजरेपलीकडे

मी दृष्टिहीन विद्यार्थ्यांबरोबर काम करतो. टाइप केलेला मजकूर त्यांना स्क्रीन रीडर वाचून दाखवतो आणि तो इमोजीचं नावही उच्चारतो. ओळीत पाच हसरे चेहरे असले तर वाक्याच्या मधोमध बऱ्याचदा पाच वेळा ‘आनंदाश्रू असलेला चेहरा’ ऐकावं लागतं. गटप्रकल्पात हे एकदा वर्गाला ऐकवावं. नियम सांगण्यापेक्षा लवकर पोचतं.

फाइलजोडली

टाइप केलेल्या गृहपाठात आधी बघा की इमोजी मुलाने घातला की कीबोर्डने. मोबाइलवर ‘आनंद’ टाइप केलं की वरच्या सूचनांच्या पट्टीत चेहरा येऊ शकतो आणि बोट पडलं की तो मजकुरात जातो. प्रत्येक चिन्ह सवयीचं नसतं. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये इमोजीच्या सूचना बंद करता येतात, तेवढं दाखवून द्या.

दुसरी गंमत वर्डची. `:)` टाइप केलं की वर्ड आपोआप त्याचा हसरा चेहरा करतो, तोही विंगडिंग्ज नावाच्या फाँटमधला. त्या फाँटमध्ये हसरा चेहरा `J` या अक्षराच्या जागी आहे, त्यामुळे फाँट नसलेल्या मशीनवर किंवा साध्या मजकुरात वाक्याच्या शेवटी नुसता `J` उरतो. उदास चेहऱ्याचा `L` होतो. असा सुटा `J` दिसला तर मुलाला टंकनचूक म्हणून रागावू नका. चेहरा झाल्या झाल्या `Ctrl+Z` दाबलं की टाइप केलेली मूळ चिन्हं परत येतात.

दंडुका

दोन गुण वेगळे काढायचं पटलं. पण मित्राला अनौपचारिक पत्र लिहा असा प्रश्न असतो, तिथे काय? मित्राला तर तो 😂 च पाठवणार.

गुणपत्रक

पत्र म्हटलं की पत्राची रीत. भाषा सलगीची चालेल, ‘यार’ सुद्धा एखाद वेळी. चिन्ह नको, कारण परीक्षक ते कशात मोजणार?

तीनपाकिटं

मला हे पटत नाही. अनौपचारिक म्हणायचं आणि औपचारिक मागायचं, मग मूल खोटं पत्र लिहितं. सरावात एक चिन्ह चालू देते, अट एवढीच की ते झाकलं तरी वाक्य पूर्ण वाटलं पाहिजे. परीक्षेत मात्र मीही नको म्हणते, हे कबूल.

शाईपेन

मग मूल विचारणार, सरावात चाललं ते परीक्षेत का नाही? सरावाच्या प्रश्नावरच वाचक कोण ते लिहून द्यावं का: ‘मित्राला’ की ‘मित्राला लिहिलेलं, परीक्षकाने वाचायचं’? दुसरं जरा विचित्र वाटतं, पण खरं तेच आहे. कुणी असं छापील प्रश्नावर देऊन पाहिलंय का?

वहीतपासनीस

प्रश्नपत्रिकेवर नाही, फळ्यावर लिहून दिलंय. आठवी-नववीला लगेच कळतं, पाचवीच्या मुलांना परीक्षक म्हणजे कोण इथपासून सांगावं लागतं. लहान वर्गांना शिकवणाऱ्यांनी यावर लिहा, अजून तिकडचं कुणी आलेलं नाही.