मदत हवी आहे: पॅनवर माहेरचं नाव, बँकेत सासरचं, डीमॅट अडलंय

सातारी_कंदी
नमस्कार मंडळी. डीमॅट आणि ट्रेडिंग खातं ऑनलाइन उघडायला घेतलं. पॅनवर माहेरचं नाव आहे, आधारवर आणि बँकेत सासरचं. बचत खातं यजमानांबरोबर जॉइंट आहे आणि त्यात पहिलं नाव त्यांचं. बँक जोडायच्या पायरीवर एक रुपया गेला आणि ‘नाव जुळत नाही’ असा संदेश आला. आता काय करू? शिवाय सगळी बचत याच खात्यात आहे, ते जोडणं सुरक्षित आहे का?

चहाटपरी
बँक जोडली की ब्रोकरला तुमच्या खात्यात हात घालता येतो. कॅन्सल्ड चेक अजिबात देऊ नका.

जमाखर्च
चेकबद्दलची भीती अनाठायी आहे. त्यावरून फक्त खाते क्रमांक, आयएफएससी आणि नाव कळतं. नुसतं खातं जोडल्याने ब्रोकरला पैसे काढता येत नाहीत. तुम्ही ऑटोपे किंवा ई-मँडेट मंजूर केलंत, तरच पैसे आपोआप जातात. खातं उघडताना तो पर्याय पुढे आला तर सोडून द्या, त्यावाचून काही अडत नाही.

ताई, तुमच्याकडे दोन अडचणी एकत्र आल्यात. तो एक रुपया खातं कुणाचं आहे हे बघण्यासाठी असतो. जॉइंट खात्यात बँकेकडून बहुधा पहिल्या खातेदाराचं नाव परत येतं, म्हणजे तुमच्या यजमानांचं. त्यामुळे पॅन दुरुस्त केलंत तरी याच पायरीवर पुन्हा अडकाल.

आधार आणि बँक एकसारखे आहेत, तेव्हा पॅनच बदला. पॅन दुरुस्तीच्या अर्जाला विवाह नोंदणीचा दाखला जोडायचा. नंबर तोच राहतो, नाव बदलतं. तोवर तुमच्या एकटीच्या नावाने वेगळं बचत खातं काढा, आधारवर आहे अगदी त्याच नावाने. आयकराच्या संकेतस्थळावर नवं नाव दिसायला लागलं की मगच डीमॅटचा अर्ज करा. पूर्वी माहेरच्या नावाने म्युच्युअल फंड घेतला असेल तर केवायसीची जुनी नोंदही बदलावी लागेल, नाहीतर अर्ज तिथे अडतो.

गोदाकाठ
माझा आयपीओचा अर्ज मिस्टरांच्या यूपीआयवरून केला होता, तो बाद झाला. तेच कारण असेल का?

जमाखर्च
हो. आयपीओसाठी पैसे अर्जदाराच्याच बँक खात्यात अडवले जावे लागतात. ट्रेडिंग खात्यातही तसंच, दुसऱ्याच्या खात्यातून भरलेली रक्कम ब्रोकर परत पाठवतो.

पुणे३०
जॉइंट खातं चालतं की. दोन्ही नावं दिसणारं बँक स्टेटमेंट अपलोड केलं की काही ब्रोकर घेतात.

जमाखर्च
काही घेतात, काही घेत नाहीत. ज्याच्याकडे उघडताय त्याला लेखी विचारा. तरी मी वेगळं खातंच सुचवेन. ट्रेडिंगचा पासवर्ड कुणाच्या हाती लागला तरी घरखर्चाची रक्कम दुसऱ्या खात्यात राहते.

जोडल्यावर शेअर घेण्याआधी एक करून बघा. शंभर रुपये भरा आणि लगेच काढायची विनंती टाका. ते जोडलेल्या प्राथमिक खात्यातच परत यायला हवेत. पासबुकात नोंद दिसली की जोडणी पक्की. यूपीआयने भरताना ब्रोकरचा पत्ता नीट वाचा: नोंदणीकृत ब्रोकरच्या नव्या यूपीआय पत्त्यात `.brk@valid` आणि त्यापुढे बँकेचं नाव असतं. व्हॉट्सॲपवर कुणी ‘आमच्या चालू खात्यात टाका’ म्हणालं तर एक रुपयाही टाकू नका.

सातारी_कंदी
आभारी आहे. अर्जात डीडीपीआयवर सही मागतायत, ती द्यायची का?

चहाटपरी
द्यावीच लागते, नाहीतर शेअर विकता येत नाहीत.

जमाखर्च
सक्ती नाही. डीडीपीआय म्हणजे तुम्ही विकलेले शेअर डीमॅटमधून काढून घ्यायची ब्रोकरला दिलेली परवानगी. सही न दिल्यास विकताना डिपॉझिटरीचा, म्हणजे शेअर जिथे जमा असतात त्या संस्थेचा, टीपिन हा गुप्त क्रमांक आणि मोबाइलवर आलेला ओटीपी टाकावा लागतो. थोडं कटकटीचं आहे, पण सुरुवातीला हेच बरं. त्यासाठी डीमॅटला मोबाइल आणि ईमेल तुमचेच द्या, यजमानांचे नकोत. आणि टीपिन कुणालाही सांगायचा नाही, ब्रोकरच्या माणसालाही नाही.

पहिला शेअर घेतल्यावर दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी फक्त ब्रोकरच्या ॲपवर विसंबू नका. सीडीएसएल किंवा एनएसडीएल, यातल्या ज्या डिपॉझिटरीकडे खातं आहे तिच्याच लॉगिनमध्ये तो शेअर दिसतोय का ते बघा.

पुणे३०
वार्षिक शुल्काचं राहिलं. हे एकच डीमॅट असेल आणि त्यातली गुंतवणूक चार लाखांपर्यंत असेल, तर मूलभूत सेवा खात्यात ते शून्य असतं. अर्जात तो पर्याय आहे का बघा.

सातारी_कंदी
बघते. विवाह नोंदणी ग्रामपंचायतीत झालीय, त्या दाखल्यावर माझं माहेरचं नाव आहे पण सासरचं कुठेच नाही. तो चालेल का पॅनसाठी?

गोदाकाठ
मलाही हेच विचारायचंय.