प्रतिसाद: टक्केवारी ७४.२२ की ७६?

> "मुलीच्या मार्कशीटवर ७४.२२ टक्के छापलेत, मी प्रत्येक विषयाचे टक्के काढून सरासरी घेतली तर ७६ येतात. ७५ ला वरची ग्रेड आहे, मग ग्रेड चुकलीय का?"

तुम्ही दिलेले मार्क बघितले, ७४, ६८, ६१, ८५ हे शंभरपैकी आणि शेवटचा विषय ५० पैकी ४६, घोळ या शेवटच्या विषयातच आहे. त्याचे ९२ टक्के धरून सरासरी काढली की ५० मार्कांच्या पेपरला शंभरच्या पेपरइतकंच वजन मिळतं आणि आकडा फुगतो. एकूण मिळालेले ३३४, एकूण कमाल ४५०, भागाकार करून शंभरने गुणलं की ७४.२२, म्हणजे छापलंय ते बरोबर आहे. कोणी ५०० ने भागलं असतं तर ६६.८ आलं असतं, ती चूक खरंच होते, म्हणून कमाल मार्कांची बेरीज आधी स्वतः करा.

पण माझ्या मते एवढ्यावर थांबू नका, प्रत्येक विषयाची आडवी बेरीजही बघा, लेखी अधिक तोंडी किंवा प्रात्यक्षिक. ६८ च्या जागी लेखी ५२ आणि प्रात्यक्षिक १८ निघाले तर विषय ७० चा होतो, एकूण ३३६ आणि टक्के ७४.६७. आता पूर्णांकात केलं तर ७५! इथे मात्र नियमच बघावा लागतो की ग्रेड राउंड करायच्या आधीच्या टक्क्यांवर देतात की नंतरच्या, काही ठिकाणी तर टक्के सोडून प्रत्येक विषयाच्या ग्रेड पॉइंटवरून एकूण ग्रेड काढतात. बेरीज चुकलेली सापडली तर अर्जात त्या विषयाची ओळ लिहा, नुसतं टक्के चुकले म्हणू नका.