प्रतिसाद: रात्री आईचा फोन आला तर?

> फोन लांब ठेवून डीएनडी लावलं आणि रात्री आईचा फोन आला तर कळणार कसं?

माझी आई साताऱ्याला एकटी असते आणि मी कोथरूडला, त्यामुळे ही धाकधूक मला चांगली ठाऊक आहे. अँड्रॉइडवर Do Not Disturb म्हणजेच डीएनडीमध्ये Calls साठी Starred contacts निवडा आणि आईच्या नंबरला स्टार द्या. मग तिचा फोन वाजतो, बाकीचे गप्प राहतात.

पण एवढ्यावर थांबू नका. एकदा आईला चक्कर आली, तेव्हा फोन शेजारच्या काकूंच्या मोबाइलवरून आला. त्या नंबरला कुठला स्टार! डीएनडीमधलं Repeat callers चालू होतं म्हणून वाचलो. त्याच नंबरावरून पंधरा मिनिटांत दुसऱ्यांदा फोन आला, की तो वाजतो. आयफोनवर ही मुदत तीन मिनिटांची आहे. म्हणून काकूंना सांगून ठेवलंय, "उचलला नाही तर लगेच पुन्हा लावा."

आणखी एक चूक हमखास होते. झोपताना सवयीने फोन सायलेंट किंवा व्हायब्रेटवर टाकतो. मग स्टारवाला फोनही वाजत नाही, आणि खोलीच्या पलीकडे कपाटावर चार्जिंगला लावलेल्या फोनची थरथर पलंगापर्यंत पोचत नाही. रिंगर पूर्ण आवाजावरच ठेवा. इतरांना गप्प करायचं काम डीएनडी करतंच. आज रात्री दार लावून, पंखा चालू ठेवून आईला एकदा फोन करायला सांगा. पंख्याच्या आवाजात रिंग ऐकू येते का, ते तेव्हाच कळेल.