मदत हवी आहे: लेकीला पीएफ समजावणारं पत्र लिहिलंय, हिशेब बरोबर आहे का?

लेकीची आई

नमस्कार. माझी मुलगी १८ ऑगस्टला पहिल्या नोकरीवर रुजू झाली. ऑफर लेटरवरचा आकडा आणि हातात येणारा पगार यांचा मेळ बसेना, म्हणून फोनवर म्हणाली, "आई, कंपनी पीएफ भरते म्हणजे माझेच पैसे मला देते का?" फोनवर धड सांगता आलं नाही, म्हणून पत्र लिहायला घेतलं. मी २००३ पासून पीएफची सभासद आहे, पण माझी माहिती जुनी असू शकते. पाठवण्याआधी कुणी जाणकाराने नजर टाकावी.

> चि. मनू,
> अनेक आशीर्वाद.
>
> तुझ्या ऑफर लेटरवर महिन्याचे ६०,००० लिहिलेत. त्यात मूळ पगार २८,००० आहे. पीएफ मोजायचा तो या २८,००० वर, सगळ्या ६०,००० वर नाही. त्याचे १२ टक्के, म्हणजे ३,३६० रुपये तुझ्या पगारातून कापले जातील आणि कंपनीही तेवढेच भरेल.
>
> आता तुझा प्रश्न. कंपनीचे ३,३६० त्या ६०,००० मध्येच धरलेले आहेत. ते आधी बाजूला काढ, उरले ५६,६४०. पगाराच्या स्लिपवर एकूण पगार म्हणून हाच आकडा दिसेल. त्यातून तुझा वाटा गेला की ५३,२८०, आणि त्यातून व्यवसाय कर वगैरे. म्हणजे ६,७२० तुझ्या हातात येत नाहीत, पण ते कुठे गेलेले नाहीत. ते तुझ्या खात्यात आहेत आणि त्यावर व्याज मिळतं. २०२४-२५ साठी ते ८.२५ टक्के होतं.
>
> कंपनीच्या ३,३६० पैकी १,२५० पेन्शनमध्ये जातील आणि २,११० पीएफमध्ये. माझे सुरुवातीला ५४१ जायचे, २०१४ पासून १,२५० जातात.
>
> तुझा यूएएन नंबर जपून ठेव. नोकरी बदलली तरी तो बदलत नाही, नव्या कंपनीला तोच द्यायचा. नामनिर्देशनात आत्ता आम्हा दोघांची नावं घाल. लग्न झालं की ते नव्याने भरावं लागतं, ते विसरू नकोस.
>
> तुझी आई

रानवारा

ताई, पत्र छान आहे, पण तिला सांगा पीएफ १,८०० च करून घ्यायला. मर्यादा १५,००० ची आहे, त्याचे १२ टक्के १,८००. त्याच्यावर कापणं नियमातच बसत नाही. हातात जास्त पैसे येतील.

हिशेबनीस

मी अठरा वर्षं पगार विभागात आहे. आधी रानवारा यांचं बघू. कंपनीला १५,००० वर पीएफ भरून थांबता येतं, हे खरं. पण पूर्ण मूळ पगारावर भरणं नियमबाह्य नाही, कितीतरी कंपन्या भरतात. आणि कंपनीने आपला वाटा १,८०० वर आणला, तर वाचलेले १,५६० दुसऱ्या भत्त्यात घालून देते का, हे लेखी विचारायला हवं. नाहीतर तेवढं नुकसानच.

ताई, तुमच्या पत्रात एक चूक आहे, आणि ती पाठवण्याआधी सुधाराच. १,२५० चा परिच्छेद तुम्हाला लागू आहे, मुलीला नाही. १ सप्टेंबर २०१४ नंतर जो पहिल्यांदा सभासद होतो आणि ज्याचा मूळ पगार तेव्हाच १५,००० च्या वर असतो, त्याला पेन्शन योजनेत जाता येत नाही. कंपनीचे ३,३६० च्या ३,३६० पीएफमध्येच पडायला हवेत. तुम्ही आधीपासून योजनेत होतात, म्हणून तुमचे जातात.

लेकीची आई

अरे देवा. मी तर माझंच पासबुक समोर ठेवून लिहिलं होतं. पण समजा कंपनीने तिचेही १,२५० पेन्शनमध्ये टाकले, तर बिघडतं काय? पैसे सरकारकडेच राहतात ना?

हिशेबनीस

बिघडतं. पीएफच्या शिलकीवर व्याज चढतं, पेन्शनच्या रकान्यात चढत नाही. शिवाय तिथे पात्रताच नसल्याने पुढे पेन्शनही मिळत नाही. ही चूक बहुतेक वेळा नोकरी बदलताना किंवा पैसे काढताना, दावा परत आला की कळते. तोवर त्या कंपनीत ओळखीचं कुणी उरलेलं नसतं, आणि दुरुस्तीसाठी पीएफ कार्यालयाला लिहायचं असतं ते कंपनीनेच.

ओळखायचं सोपं आहे. एका महिन्याचे पैसे कंपनीने पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचे असतात. त्यानंतर काही दिवसांनी मुलीला पासबुक उघडायला सांगा. प्रत्येक महिन्यासमोर तीन आकडे असतात: कर्मचाऱ्याचा वाटा, कंपनीचा वाटा आणि पेन्शन. तिच्या बाबतीत पूर्ण महिन्याला ३,३६०, ३,३६० आणि शून्य दिसायला हवं. ३,३६०, २,११० आणि १,२५० दिसलं, तर त्याच दिवशी मेल टाकायचा.

पाऊलवाट

माझे पीएफचे पैसे चार महिन्यांपासून अडकलेत. आधारवर वडिलांचं नाव आहे आणि पीएफमध्ये नाही. कुणी सांगेल का काय करायचं? ताईंच्या मुलीनेही आधीच तपासून घ्यावं.

हिशेबनीस

पाऊलवाट, नाव दुरुस्तीसाठी जुन्या कंपनीसोबत संयुक्त घोषणापत्र द्यावं लागू शकतं. वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर लिहितो.

मृद्गंध

ताई, मुलगी १८ ऑगस्टला लागली म्हणालात, म्हणून लिहिते. माझ्या भावाचं असंच झालं होतं, महिन्याच्या मध्यावर रुजू झाला होता. तुमच्या मुलीचे ऑगस्टचे १४ दिवस, म्हणजे मूळ पगार पडेल साधारण १२,६४५. तो १५,००० च्या आत दिसला की पगाराचं सॉफ्टवेअर माणसाला सरळ पेन्शनमध्ये टाकतं. भावाच्या पासबुकात पहिल्याच महिन्यात पेन्शनची रक्कम आली, आणि पुढे १,२५० चालूच राहिले.

हिशेबनीस

हे मी पाहिलेलं आहे. माझ्या मते बघायचा तो नेमणूकपत्रातला महिन्याचा दर, अर्ध्या महिन्याची रक्कम नाही. पण सगळ्या कंपन्या तसं करत नाहीत, तेव्हा एचआरकडून लेखी उत्तर घ्या. ऑगस्टसमोर पेन्शनच्या रकान्यात १,०५३ च्या आसपास आकडा दिसला, तर तुमच्याकडेही तेच झालंय असं समजा.

अजून एक विचारायचं राहिलं. रुजू होताना तिने फॉर्म ११ भरला असेल. त्यात आधी पेन्शन योजनेत होता का, असा प्रश्न असतो. तिने काय लिहिलं? आणि याआधी कुठे पीएफ कापला गेला होता का? आधीच्या कमी पगारात ती पेन्शन योजनेत गेली असेल, तर माझं वरचं सगळं उत्तर बदलतं. मग १,२५० जाणंच बरोबर.

लेकीची आई

तिला आत्ताच फोन केला. फॉर्मवर "नाही" लिहिलंय. पण कॉलेजच्या शेवटच्या वर्षी सहा महिने एका ठिकाणी प्रशिक्षणाला होती, महिना १२,००० मिळायचे. त्यातून काही कापत होते असं तिला पुसट आठवतंय, कशाचं ते माहीत नाही. बँकेत किती जमा व्हायचे ते बघते म्हणाली. जुन्या स्लिपा तिच्या त्या वेळच्या ईमेलमध्ये असाव्यात.

पत्रातला पेन्शनचा परिच्छेद खोडलाय. त्या जागी सध्या एवढंच लिहिलंय: "मनू, २० सप्टेंबरला पासबुक उघड आणि तिन्ही आकडे मला कळव. तिसरा शून्य नसेल तर एचआरला मेल करण्याआधी मला फोन कर."

स्लिपा सापडल्या की इथे सांगते.