मदत हवी आहे: कांदा भावाचं मॉडेल क्रॉस-व्हॅलिडेशनमध्ये अव्वल, प्रत्यक्षात मात्र पार आपटतंय

निफाडकर_डेटा

नमस्कार मंडळी. लासलगाव, पिंपळगाव बसवंत आणि येवला या तीन बाजार समित्यांचा रोजचा कांदा भाव जानेवारी २०१८ ते जून २०२४ असा गोळा केलाय. सर्वसाधारण दर, आवक, मागच्या काही दिवसांचे भाव, साल आणि वर्षातला कितवा दिवस एवढे कॉलम आहेत. सात लिलाव-दिवसांनंतरचा सर्वसाधारण दर काढायचा आहे. रँडम फॉरेस्ट वापरतोय.

```python
cv = KFold(n_splits=5, shuffle=True, random_state=1)
cross_val_score(rf, X, y, cv=cv, scoring='r2')
```

पाचही फोल्डमध्ये R² ०.९६ च्या वर, सरासरी चूक क्विंटलला साधारण ७० रुपये. खूश होऊन जुलैपासून रोज चालवायला लागलो, तर चूक ३५० ते ४०० च्या घरात! पाचही फोल्ड एकसारखे चांगले आले म्हणजे ओव्हरफिटिंग नाही असंच शिकलो होतो. मग घोडं अडतंय कुठे?

पुणेरी_पायथन

shuffle=True काढा, झालं. टाइम सिरीजमध्ये पत्ते पिसायचे नसतात. KFold मुळात न पिसताच तुकडे करतो, ते तुम्ही मुद्दाम चालू केलंय.

निफाडकर_डेटा

काढून पाहिलं. R² ०.९४ आला. म्हणजे फारसा फरक नाहीच.

सांख्यिकी_वाडा

फरक का पडला नाही ते सांगतो, पण आधी एक सांगा. तुमची फाइल कशावर सॉर्ट केलेली आहे? तारखेवर की बाजार समितीवर?

निफाडकर_डेटा

बाजार समितीवर. आधी लासलगाव सगळं, मग पिंपळगाव, मग येवला.

सांख्यिकी_वाडा

वाटलंच. न पिसता पाच तुकडे केले की पहिला तुकडा अख्खा लासलगावचा होतो. तो तपासताना ट्रेनिंगमध्ये पिंपळगाव आणि येवल्याच्या त्याच तारखा आहेत. या बाजारांचे भाव हातात हात घालून चालतात. १२ मार्चला पिंपळगावात पुढच्या आठवड्याचा भाव काय निघाला हे मॉडेलला ठाऊक असेल, तर १२ मार्चच्या लासलगावचं उत्तर त्याच्या खिशातच आहे.

पिसलेल्या फोल्डमध्ये हेच आणखी सोपं होतं. १२ मार्चची ओळ तपासणीत गेली, पण ११ आणि १३ मार्चच्या ओळी बहुतेक वेळा ट्रेनिंगमध्येच राहतात. ११ तारखेचं लक्ष्य म्हणजे सात दिवसांनंतरचा भाव, १३ तारखेचंही तसंच. १२ चं उत्तर या दोघांच्या मधेच कुठेतरी असणार. फॉरेस्ट दोन शेजाऱ्यांची सरासरी काढतं आणि आपण त्याला भाकीत म्हणतो. जुलै २०२४ मध्ये मात्र पुढचा शेजारी अजून जन्मलेलाच नसतो.

पाच फोल्ड एकसारखे आले ते याचमुळे. प्रत्येक फोल्डमध्ये उत्तर फुटायची फट सारखीच आहे. त्यातून स्थिरता दिसते, खरेपणा दिसत नाही.

स्वतःच पडताळून पाहायचं असेल तर भाव आणि आवकीचे सगळे कॉलम काढा. फक्त साल आणि वर्षातला दिवस ठेवून पिसलेला KFold पुन्हा चालवा. माझा अंदाज, R² तरीही ०.९ च्या आसपास येईल.

निफाडकर_डेटा

आत्ताच चालवलं. ०.९३!! नुसत्या तारखेवर!

सांख्यिकी_वाडा

नुसत्या तारखेवरून कांद्याचा भाव सांगता आला असता तर लासलगावचे व्यापारी एव्हाना निवृत्त झाले असते. ही चाचणी लक्षात ठेवा. ज्या कॉलममध्ये भविष्याची माहिती असूच शकत नाही त्यावर असा स्कोअर आला, तर दोष तुकडे पाडण्याच्या पद्धतीत आहे.

डाळिंब_सांगोला

माझंही असंच चाललंय बहुतेक. डाळिंबावरच्या तेल्या रोगाचे फोटो आहेत, निरोगी जास्त, तेल्याचे कमी. मी StratifiedKFold लावला, प्रत्येक फोल्डमध्ये तेल्याचं प्रमाण सारखं राहतं. अचूकता ९८ टक्के येते. निफाडकर भाऊ, तुम्हीही स्ट्रॅटिफाइड लावून बघा ना.

पुणेरी_पायथन

त्यांचं लक्ष्य रुपयांत आहे, वर्ग नाहीत. StratifiedKFold ला असा सलग आकडा दिला की तो सरळ एरर देतो. पण भावाचे चार-पाच गट पाडून त्यावर स्ट्रॅटिफाय करता येईल.

सांख्यिकी_वाडा

एरर येईल हे बरोबर. गट पाडून तांत्रिकदृष्ट्या करता येतं, पण इथे करू नका. त्याने प्रत्येक फोल्डमध्ये महाग आणि स्वस्त दिवस सारखे वाटले जातील, म्हणजे २०१९ च्या अखेरची तेजी पाचही तुकड्यांत शिंपडली जाईल. शेजाऱ्याची फट तशीच राहणार, वर मॉडेलला तेजीची चव आधीच मिळणार.

सांगोलेकर, तुमच्याकडे स्ट्रॅटिफाय हवंच, कारण तेल्याचे फोटो कमी आहेत आणि एखाद्या फोल्डमध्ये ते नावालाच उरले तर तो स्कोअर निरर्थक. पण फोटो किती बागांमधले आहेत? एकाच झाडाचे अनेक फोटो आहेत का?

डाळिंब_सांगोला

२४ बागा. एकेका झाडाचे सात-आठ फोटो, वेगवेगळ्या बाजूंनी. तेल्या पाचच बागांत सापडला.

सांख्यिकी_वाडा

मग तुमचं मॉडेल तेल्या ओळखतंय की बाग ओळखतंय, हे ९८ टक्क्यांवरून कळणार नाही. त्या पाच बागांची माती, प्रकाश, फवारणीचे पांढरे डाग, सगळं ट्रेनिंग आणि तपासणी दोन्हीकडे आलंय. StratifiedGroupKFold घ्या आणि groups मध्ये बागेचा क्रमांक द्या. अख्खी बाग एकतर ट्रेनिंगमध्ये राहील नाहीतर तपासणीत. प्रमाण तो जमेल तेवढंच सारखं ठेवतो, कारण बाग फोडायची त्याला मुभा नाही. तेल्या पाचच बागांत असल्याने पाचाहून जास्त फोल्ड करू नका, नाहीतर काहींमध्ये तेल्या उरणारच नाही. आणि अचूकतेऐवजी तेल्याचे किती फोटो सुटले ते मोजा. सविस्तर वेगळा धागा काढा, इथे कांदा चालू दे.

निफाडकर, तुमच्यासाठी TimeSeriesSplit. पण सरळ लावू नका. तो तारीख बघत नाही, ओळींचा क्रम बघतो. बाजार समितीवर सॉर्ट केलेल्या फाइलवर लावलात तर लासलगाव हा भूतकाळ आणि येवला हा भविष्यकाळ ठरेल. तारखेवर सॉर्ट केलं तरी एकाच दिवसाच्या तीन ओळींमधून रेघ जाऊ शकते, आणि gap सुद्धा ओळींतच मोजला जातो. म्हणून तुकडे वेगळ्या तारखांचे पाडा, मग त्या तारखांच्या ओळी उचला:

```python
dates = np.sort(df['date'].unique())
tss = TimeSeriesSplit(n_splits=5, gap=7)
for tr, te in tss.split(dates):
    train = df[df['date'].isin(dates[tr])]
    test = df[df['date'].isin(dates[te])]
```

आणि प्रत्येक फोल्डमध्ये शेजारी एक बिनडोक मॉडेलही ठेवा: आजचा भाव हाच सात दिवसांनंतरचा भाव. R² पेक्षा या दोघांच्या चुकीची तुलना जास्त बोलते.

निफाडकर_डेटा

gap=7 कशाला? ट्रेनिंग आधीचं आणि तपासणी नंतरची आहेच की.

सांख्यिकी_वाडा

ओळ आधीची आहे, तिचं लक्ष्य नाही. समजा तपासणी सोमवारी सुरू होते. त्याच्या आदल्या लिलाव-दिवसाच्या ओळीचं लक्ष्य सोमवारच्याही सहा दिवस पुढे पडतं. खऱ्या सोमवारी तुमच्याकडे ते उत्तर नसणार. सोमवारचा लिलाव उरकल्यावर भाकीत करत असाल तर काटेकोरपणे मधले ६ दिवस सोडले तरी पुरतं. मी ७ सोडतो, एक दिवस गेला तर गेला.

अजून एक. लक्ष्याचा कॉलम shift(-7) ने काढला असेल, तर ते म्हणजे सात ओळी, कॅलेंडरचे सात दिवस नव्हे. सप्टेंबर २०२३ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या व्यापाऱ्यांनी लिलाव बंद ठेवले होते. तिथे सात ओळी म्हणजे बरेच जास्त दिवस होतात. तेवढा भाग वेगळा तपासा.

निफाडकर_डेटा

चालवलं. पहिल्या फोल्डमध्ये अक्षरशः वाताहत, बाकी चार बरे. पाचांची सरासरी चूक बिनडोक मॉडेलपेक्षा बरीच जास्त. पहिला फोल्ड सोडला तर दोघं जवळपास बरोबरीत, बिनडोकच थोडं पुढे. म्हणजे एवढं सगळं करून "आजचाच भाव उद्या" बरं?

सांख्यिकी_वाडा

पहिला फोल्ड साधारण २०१९ वर येतो. ट्रेनिंगला फक्त २०१८, जेव्हा वर्षअखेरीस भाव कोसळले होते. तपासणीत मात्र २०१९ ची अखेर, निर्यातबंदी लागूनही भाव चढतच गेले तो काळ. रँडम फॉरेस्ट ट्रेनिंगमधल्या लक्ष्यांची सरासरीच काढतं, त्यामुळे पाहिलेल्या कमाल भावाच्या वर ते जाऊच शकत नाही. भाव छताच्या वर गेला की ते छतालाच चिकटून बसतं. फोल्ड क्रमांक १ चा भाकीत-आलेख काढा, वरची रेघ सपाट दिसेल.

लक्ष्य बदलून पाहा. भाव न सांगता आजच्या भावाच्या किती पट, त्याचा लॉग घ्या. आणि साल हा कॉलम काढाच. पुढचं साल ट्रेनिंगमध्ये कधीच नसतं, तो फक्त पाठांतराला मदत करत होता.

शिकाऊ_अर्थमितीकार

थोडा वेगळा सूर लावतो. टाइम सिरीजवर साधा के-फोल्ड कायम चुकीचा, असं नाही. बर्गमायर, हाइन्डमन आणि कू यांचा २०१८ चा पेपर आहे. निव्वळ मागच्या किमतींवर चालणारं मॉडेल असेल आणि त्याच्या चुकांमध्ये परस्परसंबंध उरला नसेल, तर साधा के-फोल्ड चालतो. उलट सगळा डेटा वापरला जात असल्याने अंदाज जास्त स्थिर येतो.

सांख्यिकी_वाडा

मान्य, पण अटी बघा. इथे लक्ष्य सात दिवस पुढचं आहे. लागोपाठच्या दोन लक्ष्यांमध्ये सहा दिवसांच्या घडामोडी सामाईक असतात, त्यामुळे चुकांत संबंध उरतोच. शिवाय साल होतं, तीन समित्या होत्या. एक दिवस पुढचं साधं मॉडेल असतं तर मीही विचार केला असता.

निफाडकर_डेटा

लॉग लावला, साल काढलं. पहिल्या फोल्डमधली सपाट रेघ गेली. आता सरासरी चूक बिनडोक मॉडेलपेक्षा थोडी कमी आहे, पण फोल्ड क्रमांक ५ मध्ये अजून मागे. त्यात डिसेंबर २०२३ ची निर्यातबंदी येते.

पुणेरी_पायथन

मग test_size=60 द्या. शेवटच्या ३०० लिलाव-दिवसांचेच पाच तुकडे होतील आणि प्रत्येक वेळी ट्रेनिंगला भरपूर डेटा मिळेल. २०१९ कशाला मधे आणायचं?

सांख्यिकी_वाडा

सुचवणं वाईट नाही, रोज चालवायच्या परिस्थितीच्या ते जास्त जवळ आहे. पण मग बहुतेक तुकडे निर्यातशुल्क आणि बंदीच्या एकाच वादळात सापडतात. मी दोन्ही चालवून दोन्ही आकडे लिहून ठेवीन. कोणता धरायचा यावर माझंही पक्कं मत नाही.

शिकाऊ_अर्थमितीकार

निर्यातबंदीच्या तारखा कॉलम म्हणून दिल्या तर? फक्त अधिसूचना निघाली त्या दिवसापासूनच १ लावायचा, आधी नाही.

निफाडकर_डेटा

ट्रेनिंगमध्ये सगळे भाग मिळून बंदीचे प्रसंग दोन-तीनच येतात, झाड त्यातून काय शिकेल शंका आहे. तरी करून आकडे टाकतो. दरम्यान अशा तुरळक घटना कुणी हाताळल्या असतील तर सांगा.